बाबा बस चालवतात, पण आत्ता झोपलेत

चौथी-पाचवीच्या इंग्रजीच्या वर्कशीटवर हमखास भेटणारा एक उतारा असतो. कुणाच्या तरी घरातला एक दिवस, त्यात रोजच्या सवयी आणि आत्ता चाललेल्या गोष्टी मिसळलेल्या, आणि क्रियापदांच्या जागी रिकाम्या रेघा. क्रियापद मूळ रूपात बाजूला दिलेलं असतं. मुलाने फक्त ठरवायचं, की इथे सिंपल प्रेझेंट येईल की प्रेझेंट कंटिन्युअस. मराठी माध्यमाच्या शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे ही रेघ आता खेड्यातल्या घरांतही पोचली आहे. आणि ती भरताना शेजारी बसलेल्या आईबाबांना बहुतेक वेळा एकच नियम आठवतो: ‘एव्हरी डे’ दिसलं तर साधा वर्तमानकाळ, ‘नाऊ’ दिसलं तर ‘आयएनजी’.

हा नियम खोटा नाही, पण त्याने अर्ध्या रेघाही नीट भरता येत नाहीत. म्हणून मी अशा वर्कशीटचा एक छोटा उतारा घेतो आणि तो रेघेरेघेने सोडवतो.

‘माय फादर ___ अ बस. ही ___ ॲट फोर ओक्लॉक एव्हरी मॉर्निंग. टुडे इज हिज हॉलिडे अँड ही ___ नाऊ. माय ग्रँडमदर ___ विथ अस दिस वीक. लुक! शी ___ ऑन द स्विंग. शी ___ अ ब्ल्यू सारी टुडे. शी ___ टीव्ही इन द इव्हनिंग. माय ब्रदर ___ क्रिकेट एव्हरी इव्हनिंग. आय ___ हिज टीम.’ दिलेली क्रियापदं अनुक्रमे अशी: ड्राइव्ह, गेट अप, स्लीप, स्टे, सिट, वेअर, नॉट वॉच, प्ले आणि लाइक.

पहिल्याच रेघेत ‘एव्हरी डे’ही नाही आणि ‘नाऊ’ही नाही. नियम पाठ केलेलं मूल इथे अडतं. उत्तर ‘ड्राइव्हज’ असं आहे, आणि ते का आहे हे तिसऱ्या रेघेवरून कळतं. बाबा आत्ता झोपलेले आहेत. त्यांच्या हातात स्टिअरिंग नाही, बस डेपोत उभी आहे. तरीही ‘माझे बाबा बस चालवतात’ हे वाक्य या क्षणी पूर्णपणे खरं आहे. सिंपल प्रेझेंटचं काम हेच. ते माणसाबद्दल, वस्तूबद्दल, जगाबद्दल कायमची किंवा वारंवारची गोष्ट सांगतं. ती गोष्ट आत्ता घडते आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सूर्य रात्री अकरा वाजताही पूर्वेलाच उगवतो. कंटिन्युअस मात्र चौकट लहान करून बघतं: काहीतरी सुरू झालंय, अजून संपलेलं नाही आणि केव्हातरी संपणार आहे. म्हणून रेघेसमोर बसलेल्या मुलाला ‘हे आत्ता घडतंय का?’ असं विचारण्यापेक्षा ‘हे बाबांबद्दल एरवीही खरं आहे, की मध्येच चालू झालेलं आणि थांबणारं काही आहे?’ असं विचारावं. या प्रश्नाने पहिली रेघ सहज सुटते. दुसरी तर सोपीच आहे: रोज पहाटे चारला उठतात, म्हणून ‘गेट्स अप’.

इंग्रजीतही हा भेद नेहमी इतका कडक नव्हता. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजपुत्र पुस्तक वाचत फिरत असतो, तेव्हा पोलोनियस त्याला काय वाचतोयस असं विचारतो, आणि ते साध्या वर्तमानकाळात विचारतो. आजच्या शिक्षिकेने त्यावर लाल पेनाने रेघ ओढली असती. चारशे वर्षांत इंग्रजीने ‘आयएनजी’चं रूप वाढवत वाढवत त्याला स्वतःची हक्काची जागा दिली आणि साध्या वर्तमानकाळाकडे प्रामुख्याने सवयी, सत्यं आणि स्थिती राहिल्या. क्रिकेटच्या धावत्या वर्णनात मात्र जुनी सोय अजून टिकून आहे. तिथे गोलंदाज धावत येतो, चेंडू टाकतो, फलंदाज फटका मारतो, हे सगळं डोळ्यांसमोर घडत असूनही समालोचक साध्या वर्तमानकाळात बोलतो, कारण प्रत्येक कृती सांगता सांगता संपलेली असते. वर्कशीटमध्ये हा प्रकार येत नाही, पण टीव्हीवर ऐकून एखाद्या मुलाने विचारलं तर उत्तर माहीत असावं.

आता एक गोष्ट मराठी मुलांच्या बाजूची. हा भेद आपल्या भाषेत आहे, आणि तो आपल्या कानात चांगला मुरलेला आहे. ‘बाबा बस चालवतात’ आणि ‘बाबा बस चालवतायत’ यांतला फरक तीन वर्षांच्या मुलालाही कळतो. दुसरं वाक्य ऐकलं की ते खिडकीकडे धावतं. बोलण्यात ‘करतो आहे’चं ‘करतोय’ होतं, ‘खेळते आहे’चं ‘खेळतेय’, ‘पडतं आहे’चं ‘पडतंय’, ‘चालवतात आहेत’ऐवजी ‘चालवतायत’. क्रियापदाच्या शेपटाशी आलेला हा ‘य’ म्हणजे मराठीचं कंटिन्युअस. म्हणून वर्कशीट सोडवताना वाक्य आधी घरच्या बोलीत मोठ्याने म्हणून बघावं, पुस्तकी मराठीत नव्हे. ‘य’ आपोआप आला तर ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ आणि ‘आयएनजी’, नाही आला तर साधा वर्तमानकाळ. विदर्भातल्या घरात ‘जेवून राहिला’, ‘काय करून राहिला’ अशी रूपं असतात, तिथे ही खूण आणखी ठसठशीत आहे. ‘तो शाळेत जाते’ आणि ‘तो शाळेत जाऊन राहिला’ यांची गल्लत कुणी करणार नाही. तिथल्या शिक्षकांनी ‘राहिला’ हाच शब्द कंटिन्युअसची खूण म्हणून फळ्यावर लिहायला हरकत नसावी. मुलाची बोली वर्गाबाहेर ठेवण्यापेक्षा इथे ती थेट उपयोगी पडते.

ही कानाची चाचणी बऱ्याच रेघा सोडवते. पण काही ठराविक ठिकाणी ती फसवते, आणि मराठी मुलांच्या उत्तरपत्रिकांतल्या चुका नेमक्या त्याच ठिकाणी साचलेल्या असतात.

तिसरी रेघ घ्या. बाबा आत्ता झोपले आहेत. आपण ‘बाबा झोपतायत’ असं म्हणत नाही. म्हटलंच तर अर्थ होतो की ते अंथरुणावर पडण्याच्या बेतात आहेत, दिवा घालवतायत. डोळा लागला की आपण ‘झोपलेत’ म्हणतो. शाळेच्या व्याकरणात हा पूर्ण वर्तमानकाळ. मराठी मनाने झोपेचं दोन तुकड्यांत विभाजन केलं आहे: झोपण्याची क्रिया, जी घडून गेली, आणि त्यातून आलेली अवस्था, जी आता टिकून आहे. आपण ती अवस्था सांगताना मागे पडलेल्या क्रियेचा उल्लेख करतो. इंग्रजी तसं करत नाही. तिथे ‘स्लीप’ म्हणजे झोपलेलं असणं हीच चालू क्रिया, म्हणून ‘ही इज स्लीपिंग’. झोपण्याच्या क्षणाला वेगळा शब्दप्रयोग आहे, ‘फॉल अस्लीप’.

हे एकट्या झोपेचं नाही. शरीराची ठेवण सांगणारी सगळी क्रियापदं याच वाटेने जातात. पाचव्या रेघेतली आजी झोपाळ्यावर ‘बसली आहे’. ‘बसतेय’ म्हटलं तर ती अजून पदर सावरून टेकते आहे. इंग्रजीत दोन्ही वेळा ‘शी इज सिटिंग’ चालू शकतं, पण टेकण्याची हालचाल सांगायची असेल तर ‘सिटिंग डाउन’ म्हणणं जास्त स्पष्ट. तसंच ‘उभा आहे’ म्हणजे ‘इज स्टँडिंग’, ‘आडवा पडलाय’ म्हणजे ‘इज लाइंग’. सहाव्या रेघेत आजीने निळी साडी ‘नेसली आहे’. इथे गोंधळ सर्वांत जास्त होतो, कारण ‘नेसतेय’ आणि ‘नेसलीय’ या दोन मराठी रूपांसाठी इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदंच आहेत. साडी नेसणं चालू असेल, निऱ्या अजून हातात असतील, तर ‘शी इज पुटिंग ऑन’ असं म्हणावं लागेल. नेसून झाली असेल आणि ती अंगावर असेल तर ‘शी इज वेअरिंग’. आणि आजी एरवी नऊवारीच नेसते असं सांगायचं असेल, तर ‘वेअर्स’. म्हणजे मराठी मूल ज्याला ‘झालेलं’ समजतं, ते इंग्रजीला ‘चालू असलेलं’ वाटतं.

या गटापुरती एक जास्तीची तपासणी मुलाला शिकवावी. ‘झोपलाय’, ‘बसलीय’, ‘उभा आहे’, ‘घातलाय’, ‘नेसलीय’, ‘धरलाय’ अशी रूपं तोंडात आली, आणि आत्ता समोर बघितलं तर ती अवस्था अजून टिकलेली दिसत असेल, तर इंग्रजीत कंटिन्युअस लिहायचं. ‘ही हॅज स्लेप्ट’ असं लिहिणाऱ्या मुलाला काळ कळत नाही असं मुळीच नाही. त्याने मराठीचा काळ अगदी बरोबर ओळखून इंग्रजीत नेऊन ठेवला आहे. त्याला हे समजावून सांगितलं की पुढच्या वेळी ते ‘इज सिटिंग’ विसरत नाही. नुसती फुली मारली तर मात्र ते कायम गोंधळतं.

चौथी रेघ आजीच्या मुक्कामाची. ‘माय ग्रँडमदर ___ विथ अस दिस वीक.’ आपण म्हणतो, ‘आजी आमच्याकडे राहायला आलीय.’ हेही पूर्ण वर्तमानकाळात, त्यामुळे कानाची चाचणी पुन्हा मदत करत नाही. शिवाय इथे ‘नाऊ’ नाही. समजा ही रेघ भरताना आजी भाजी आणायला बाहेर गेलेली आहे, तरीही उत्तर ‘इज स्टेइंग’ हेच. वर्कशीटच्या शीर्षकात ‘टेम्पररी ॲक्शन्स’ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हा. कंटिन्युअसचा ‘आत्ता’ एका क्षणाएवढा लहान असतो तसा एका आठवड्याएवढा, एका पावसाळ्याएवढाही असू शकतो. अट एवढीच, की बोलणाऱ्याच्या मनात त्याला शेवट आहे.

हे समजावायला मराठीतला ‘एरवी’ हा शब्द फार कामाचा. ‘मीना एरवी बसने शाळेत जाते, पण या आठवड्यात पूल बंद आहे म्हणून सायकलने जातेय.’ या एका वाक्यात दोन्ही काळ आपापल्या जागी बसलेले आहेत. मीना हे वाक्य शाळेत बाकावर बसून बोलत असली, सायकल स्टँडला लावलेली असली, तरी ‘जातेय’ चुकीचं ठरत नाही. इंग्रजीत तेच: ‘मीना युज्वली गोज टू स्कूल बाय बस, बट दिस वीक शी इज गोइंग बाय सायकल.’ ज्या वाक्याला मनातल्या मनात ‘एरवी’ जोडता येतो ते साध्या वर्तमानकाळाचं. ज्याला ‘सध्या’ किंवा ‘तूर्त’ जोडल्यावर ते जास्त खरं वाटतं ते कंटिन्युअसचं. पूल कायमचा पडला आणि मीना वर्षभर सायकलनेच जाऊ लागली, तर हळूहळू वाक्य बदलेल आणि ‘शी गोज बाय सायकल’ होईल. तो बदल कोणत्या दिवशी होतो, हे कुठल्याही व्याकरणात लिहिलेलं नाही. बोलणारा त्याला तात्पुरतं मानणं सोडतो, तेव्हा तो होतो.

आठव्या रेघेत ‘एव्हरी इव्हनिंग’ ढळढळीत लिहिलेलं आहे, तरी तिथे ‘माय ब्रदर इज प्लेइंग क्रिकेट एव्हरी इव्हनिंग’ असं उत्तर येतं. निष्काळजीपणा म्हणून सोडून द्यावं इतकी ही चूक साधी नाही. मराठी शाळेत वर्तमानकाळाचे चार प्रकार शिकवतात: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. ‘दादा रोज संध्याकाळी क्रिकेट खेळत असतो’ हा रीती वर्तमानकाळ. सवय सांगण्यासाठी मराठीने एक वेगळा खण केला आहे, आणि तो इंग्रजीत नाही. इंग्रजी सवयीला साध्या वर्तमानकाळातच ठेवतं. अडचण अशी, की रीती वर्तमानकाळाचं रूप दिसायला अपूर्ण वर्तमानकाळासारखं आहे. ‘खेळत आहे’ आणि ‘खेळत असतो’, दोन्हींत ‘खेळत’ आहे, दोन्हींत त्यापुढे ‘असणे’ या क्रियापदाचं रूप आहे. मूल ‘खेळत’साठी ‘प्लेइंग’ लिहितं आणि ‘असतो’साठी ‘इज’. शब्दाला शब्द बरोबर लावूनही वाक्य चुकतं. इथे उपाय सोपा आहे. ‘असतो’, ‘असते’, ‘असतात’ तोंडात आलं की ते वाक्य साध्या वर्तमानकाळात मोडून बघायचं. ‘खेळत असतो’च्या जागी ‘खेळतो’ म्हटलं आणि अर्थ तोच राहिला, तर ‘प्लेज’ लिहून मोकळं व्हायचं.

सातव्या रेघेतला सापळा मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो फारसा कुणी दाखवून देत नाही. ‘आजी संध्याकाळी टीव्ही बघत नाही’ हे सवयीचं वाक्य आहे. ‘आजी आत्ता टीव्ही बघत नाही, जप करतेय’ हे आत्ताचं. पण दोन्हींत नकार एकच आहे: ‘बघत नाही’. होकारात ‘बघते’ आणि ‘बघतेय’ असा जो स्वच्छ भेद होता, तो नकारात लिखित मराठीने पुसून टाकला. बोलण्यात आपण ‘बघत नाहीये’ म्हणून तो थोडा परत आणतो, पण सगळे बोलणारे आणि सगळे प्रदेश तसं म्हणतात असं नाही, आणि पुस्तकात तर ते क्वचितच छापलेलं सापडतं. इंग्रजीत मात्र नकाराचे दोन रस्ते पूर्ण वेगळे आहेत. सवयीसाठी ‘डज नॉट वॉच’, आत्तासाठी ‘इज नॉट वॉचिंग’. म्हणून नकाराची रेघ आली की आधी ती होकारार्थी करून बघावी. आजी संध्याकाळी टीव्ही ‘बघते’ की ‘बघतेय’? ‘इन द इव्हनिंग’ म्हणजे रोजच्या संध्याकाळी, म्हणून ‘बघते’, म्हणून साधा वर्तमानकाळ. काळ ठरला की मगच ‘नाही’ आणायचं: ‘डज नॉट वॉच’. दोन पायऱ्या एकदम चढायला गेलेलं मूल ‘शी इज नॉट वॉच’ असं काहीतरी लिहितं. प्रश्नार्थक रेघेलाही हीच युक्ती लागू पडते. ‘___ शी ___ टी?’ अशा रेघेत आधी ‘ती चहा पिते’ की ‘पितेय’ हे ठरवावं, मग ‘डज’ किंवा ‘इज’ पुढे घ्यावं.

शेवटची रेघ: ‘आय ___ हिज टीम’, क्रियापद ‘लाइक’. ‘मला दादाची टीम आवडते’, इथे कान बरोबर सांगतो. पण मराठीत ‘मला हे आवडतंय’, ‘मला कळतंय’, ‘मला पटतंय’, ‘मला आठवतंय’ हे सगळं सर्रास चालतं. ‘माहीत आहे’मध्ये तर ‘आहे’ उघडच बसलेलं आहे, म्हणून ‘आय ॲम नोइंग’. इंग्रजीत नो, लाइक, वाँट, नीड, अंडरस्टँड, बिलीव्ह अशी मनाची आणि जाणिवेची क्रियापदं आत्ताची असली तरी प्रमाण लेखनात साध्या वर्तमानकाळातच राहतात, कारण जाणणं किंवा आवडणं ही अवस्था आहे, सुरू होऊन संपणारं काम नाही. मालकीच्या ‘हॅव्ह’चंही तसंच. ‘आय हॅव्ह टू ब्रदर्स’ म्हणायचं, ‘आय ॲम हॅविंग’ नाही. पण ‘शी इज हॅविंग लंच’ मात्र बरोबर, कारण तिथे ‘हॅव्ह’चा अर्थ जेवण करणं असा आहे, आणि जेवण सुरू होतं, संपतं. भारतीय इंग्रजीत या क्रियापदांना ‘आयएनजी’ लावण्याची सवय इतकी सर्वदूर आहे, की मुंबईचे कवी निस्सीम एझिकेल यांनी मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोपसमारंभावरची कविता जवळजवळ तिच्यावरच उभी केली. ती वाचून हसू येतं, पण मुलाच्या वर्कशीटवर हसू नये. तिथे मागे मराठीचा, आणि आपल्या बहुतेक भाषांचा, एक नियम काम करतो आहे, एवढं ओळखावं.

आता थोडं वर्कशीट बनवणाऱ्यांबद्दल, कारण काही वेळा चूक रेघ भरणाऱ्याची नसते, रेघेची असते. ‘माय अंकल ___ इन नाशिक’, क्रियापद ‘वर्क’. या रेघेला दोन बरोबर उत्तरं आहेत. काका तिथे नोकरीला असतील तर ‘वर्क्स’, सहा महिन्यांसाठी बदलीवर गेले असतील तर ‘इज वर्किंग’. वाक्यात कुठेही पुरावा नाही, तरी उत्तरसूचीत एकच छापलेलं असतं, आणि दुसरं लिहिणाऱ्याचा गुण जातो. चांगल्या रेघेत पुरावा वाक्यातच असतो: वेळेचा शब्द, ‘लुक’ किंवा ‘लिसन’सारखी हाक, किंवा पुढच्या वाक्यातला एखादा तपशील. सुट्या सुट्या दहा वाक्यांपेक्षा असा जोडलेला उतारा मला अधिक पसंत आहे, कारण त्यात पुरावा आपोआप येतो. ‘टुडे इज हिज हॉलिडे’ या चार शब्दांशिवाय बाबा का झोपले आहेत हे कळलं नसतं. रेमंड मर्फी यांचं 1985 साली आलेलं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे पुस्तक जगभर वापरलं जातं. त्यात पहिला धडा कंटिन्युअसचा, दुसरा सिंपल प्रेझेंटचा, आणि नंतरचे दोन धडे दोघांची तुलना करण्यासाठी ठेवलेले आहेत. आपल्याकडे दोन्ही काळांचे तक्ते वेगवेगळे पाठ करून घेतले जातात आणि तुलना एका वर्कशीटवर सोडून दिली जाते. खरं काम तर तुलनेतच असतं.

उत्तरं तपासताना चूक आणि बरोबर एवढ्याच खुणा केल्या, तर बरीच माहिती वाया जाते. एकाच पहिल्या रेघेत वेगवेगळी मुलं वेगवेगळं चुकतात आणि प्रत्येक चुकीचं कारण निराळं असतं. ‘ही ड्राइव्ह अ बस’ लिहिणाऱ्याने काळ बरोबर ओळखलाय, फक्त ‘एस’ राहिला. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणेही बदलतं, ‘मी जातो’, ‘मी जाते’. इंग्रजीत मुलगा असो की मुलगी, ‘आय गो’च, आणि बदल फक्त एकट्या ‘तो’, ‘ती’, ‘ते’साठी होतो. शिवाय नामाला ‘एस’ लागला की अनेकवचन होतं आणि क्रियापदाला लागला की ते एकवचनी कर्त्याचं, हे मुलाला उलटं वाटणं साहजिक आहे. ‘दे गोज’ ही चूक तिथूनच येते, आणि तिला काळाचा धडा पुन्हा शिकवून काही उपयोग नाही. ‘बाबा’ला आपण आदराने ‘चालवतात’ म्हणतो, म्हणून काही मुलं ‘माय फादर ड्राइव्ह’ असं मुद्दाम लिहितात. त्यांना इंग्रजीत आदराचं अनेकवचन नसतं, वडीलही ‘ही’च, एवढंच सांगायचं असतं.

‘माय फादर ड्रायव्हिंग अ बस’ लिहिणाऱ्याने तर दोन ठिकाणी गल्लत केली: इथे कंटिन्युअस नको होता, आणि घेतलाच तर ‘इज’ हवा होता. ‘इज’ गळण्याचं कारण पुन्हा ‘चालवतायत’मध्ये सापडतं. त्यात ‘आहेत’ असं विरघळलेलं आहे, की वेगळं ऐकूच येत नाही. अशा मुलाकडून मराठी वाक्य आधी सुटं म्हणवून घ्यावं, ‘बाबा बस चालवत आहेत’, आणि ‘आहेत’खाली बोट ठेवून विचारावं, की याचं इंग्रजीत काय झालं. ‘शी डज नॉट वॉचेस’ लिहिणाऱ्याने ‘एस’ दोनदा लावला, एकदा ‘डू’ला आणि एकदा ‘वॉच’ला. त्याला सांगायचं, की ‘डज’ने तो ‘एस’ आधीच घेतला, आता ‘वॉच’ मूळ रूपात राहील. आणि ‘रायटिंग’मध्ये शेवटचा ‘ई’ गाळणं, ‘सिटिंग’मध्ये ‘टी’ दोनदा लिहिणं, ‘स्टडीज’मध्ये ‘वाय’चा ‘आय’ करणं, हे विसरणं म्हणजे स्पेलिंगच्या चुका आहेत. त्यांचे गुण वेगळे कापावेत आणि काळाचे पूर्ण द्यावेत. नाहीतर ज्या मुलाने ‘शी इज सिटिंग’मधला काळ मराठीच्या ‘बसलीय’वरून मोठ्या कष्टाने शोधून काढला, त्यालाही एका ‘टी’पायी आपण काळच चुकलो असं वाटत राहतं.